सहा सेंमी कडेची अष्टफलकी मेणबत्ती: हिशोब ११२ ग्रॅमचा, काट्यावर ८९

मेणवाली_महाल · मंगळवार, रात्री १०:१०

नमस्कार मंडळी. मी नागपुरात महालात राहते आणि घरी मेणबत्त्या करते. या दिवाळीला एका ऑफिसची ५० नगांची ऑर्डर आहे. त्यांना हिऱ्यासारखा आकार हवा होता, म्हणजे एक पिरॅमिड सरळ आणि त्याच्या पायाला पाया लावून दुसरा उलटा. आठही बाजूंना सारखे त्रिकोण. सिलिकॉनचा साचा मागवला. बाराही कडा पट्टीने मोजल्या, सगळ्या ६ सेंमी.

मेण किती लागेल याचा हिशोब मी आणि दहावीतल्या मुलाने बसून केला. मधोमध कापला तर दोन पिरॅमिड होतात, प्रत्येकाचा पाया ६ बाय ६ म्हणजे ३६. उंची मुलाने पट्टी लावून मोजली, ५.२ आली. ३६ गुणिले ५.२ भागिले ३ म्हणजे ६२.४. दोन्ही मिळून १२४.८ घन सेंमी. मेणाची घनता ०.९ धरली आणि ११२ ग्रॅम आले. इतवारीतून त्याच हिशोबाने मेण आणलं, लेबलंही ११२ ग्रॅमची छापून झाली.

आता ५० ओतून झाल्यात आणि एकेक भरते ८९ ग्रॅम. सव्वा किलोच्या आसपास मेण उरलं आहे. साचा कुठे गळत नाही. काटा दुकानातून अर्ध्या किलोचं माप आणून तपासला, बरोबर आहे. साच्याचं एक टोक कापलेलं आहे, ओतायला तोंड हवं म्हणून (मेणबत्ती उभी राहते तीही त्याच सपाट भागावर), पण तेवढ्याशा टोकात २३ ग्रॅम मावत नाहीत हे मलाही दिसतंय. उरलेलं मेण गेलं कुठे? आणि लेबलवर काय छापू? शुक्रवारी माल द्यायचा आहे.

---

कंदीलवाला_गांधीबाग · मंगळवार, रात्री १०:४२

ताई, तुमचा आकडा बरोबर आहे. मी याच आकाराचे छोटे आकाशकंदील बनवतो, माळेत लावायचे, कड ६ सेंमीच. माझ्या वहीत १२४.८ लिहून ठेवलं आहे, आताच पाहून राहिलो. तुमचा आणि माझा आकडा दशांशापर्यंत जुळतो म्हणजे गणितात चूक नाही. काटाच पाहा पुन्हा. नाहीतर मेणात भेसळ असंल.

---

मेणवाली_महाल · मंगळवार, रात्री १०:५०

धन्यवाद भाऊ. मग उद्या दुसऱ्या काट्यावर करते. मेण तर नेहमीच्याच दुकानातलं आहे.

---

पॅटर्नमेकर_हिंगणा · बुधवार, सकाळी ६:१५

ताई, काटा बदलू नका, काटा खरं बोलतो आहे. मी तीस वर्षं ओतकामासाठी लाकडी पॅटर्न केले, आता निवृत्त आहे. तुमचा धागा वाचला आणि पहिला प्रश्न हाच पडला की मुलाने पट्टी नेमकी कुठे ठेवली होती? त्रिकोणाच्या अंगावर ठेवली असणार. वरच्या टोकापासून खालच्या कडेच्या मध्यापर्यंत. ५.२ तिथेच येतं.

ती तिरकस उंची झाली. उतारावरून चालत जाण्याचं अंतर. घनफळाला लागते ती सरळ उंची, म्हणजे टोकातून ओळंबा सोडला तर तो पायाच्या मध्याला टेकेपर्यंत किती दोरी लागते ती. ही उंची मेणाच्या पोटात आहे, तिथे पट्टी जात नाही. म्हणून ती काढावी लागते.

काढायची अशी. ओळंबा टेकला तो पायाच्या चौरसाचा मध्य. तिथून चौरसाच्या एका कोपऱ्यापर्यंत जा. आणि त्या कोपऱ्यातून कडेवरून परत वरच्या टोकापर्यंत चढा. काटकोन त्रिकोण झाला. त्याची तिरकी बाजू म्हणजे तुमची कड, ६. खालची बाजू म्हणजे चौरसाचा अर्धा कर्ण. ६ च्या चौरसाचा कर्ण ८.४९, अर्धा ४.२४. आता ६ चा वर्ग ३६, ४.२४ चा वर्ग १८. वजा केले तर १८ उरले, त्याचं मूळ पुन्हा ४.२४. ही खरी उंची.

३६ गुणिले ४.२४ भागिले ३, म्हणजे ५०.९. दोन पिरॅमिडचे १०१.८ घन सेंमी. ०.९ ने गुणा, ९१.६ ग्रॅम. तुमच्या ८९ च्या जवळ आलो. राहिलेल्या अडीच ग्रॅमचं नंतर बघू, त्यात तुमचं कापलेलं टोक आहे.

कंदीलवाले भाऊ, तुमच्या वहीतले १२४.८ कशाचे आहेत ते पाहा बरं. कागदाचे तर नाहीत?

---

कंदीलवाला_गांधीबाग · बुधवार, सकाळी ९:०५

हो काका. कागदाचेच आहेत. एक त्रिकोण ६ गुणिले ५.२ चा अर्धा, म्हणजे १५.६ चौरस सेंमी, असे आठ. १२४.८ चौरस सेंमी कागद. मी घाईत आकडा पाहिला, पुढे काय लिहिलं ते पाहिलंच नाही. ताई, माफ करा.

पण एक सांगा, दोन वेगळ्या गोष्टींचा आकडा इतका तंतोतंत एक कसा आला? मले तर हे पटूनच नाही राहिलं की योगायोग आहे.

---

पॅटर्नमेकर_हिंगणा · बुधवार, सकाळी ९:४०

योगायोगच आहे, पण कारण सांगता येतं. कडेला a म्हणू आणि तिरकस उंचीला l. तुमचा कागद म्हणजे आठ त्रिकोण, 8 × a × l / 2, म्हणजे 4al. ताईंनी चुकून काढलेलं घनफळ 2 × a² × l / 3. दोन्हींत a आणि l आहेत, ते काढून टाका. एका बाजूला ४ उरतात, दुसऱ्या बाजूला २a भागिले ३. हे दोन्ही सारखे होतात फक्त कड ६ असताना. कड १२ घेऊन करून पाहा, तिथे कागद ४९९ येईल आणि चुकीचं घनफळ ९९८, दुप्पट.

वर्कशॉपमध्ये मी हे शिकलो की दोन आकडे जुळले तर आधी दोघांची एककं जुळतात का ते पाहायचं. एक चौरस सेंमी, एक घन सेंमी. ते जुळणं काहीच सांगत नव्हतं.

---

मेणवाली_महाल · बुधवार, दुपारी १:२०

काका, मुलाला विचारलं. पट्टी त्रिकोणाच्या अंगावरच ठेवली होती. तो म्हणाला शंकूच्या धड्यात तिरकस उंची असते म्हणून तीच घेतली. मग आम्ही पुस्तक उघडून बसलो. शंकूचं वक्रपृष्ठफळ काढताना तिरकस उंची आहे आणि घनफळ काढताना साधी उंची आहे. एकाच पानावर दोन्ही. त्याने दोन्ही सूत्रं पाठ केली होती, कुठली कशाला ते डोक्यात राहिलं नव्हतं.

आता तो मला विचारतोय आणि मी तुम्हाला विचारते. पायाच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंत ४.२४ आणि मध्यापासून टोकापर्यंतही ४.२४. हाही ६ चाच योगायोग आहे का?

---

पॅटर्नमेकर_हिंगणा · बुधवार, दुपारी ३:००

नाही, हा योगायोग नाही. मुलाच्या हातात एक मेणबत्ती द्या (टोक न कापलेली असती तर बरं झालं असतं, पण चालेल) आणि तिला आडवी फिरवायला सांगा. जे टोक वर होतं ते आता बाजूचा कोपरा झालं आणि बाजूचा एक कोपरा वर आला. आकार होता तसाच दिसतो. या आकाराला सहा टोकं आहेत आणि कुठलंही टोक वरचं मानता येतं. म्हणजे आपण ज्याला उंची म्हणतो आणि ज्याला अर्धा कर्ण म्हणतो, ती एकच लांबी आहे. फक्त आपण कुठल्या बाजूने पाहतो एवढाच फरक.

साध्या चौकोनी पिरॅमिडला हे लागू नाही. त्याची उंची कितीही असू शकते. आठही त्रिकोण समभुज असले तरच हे होतं.

म्हणून कडेवरून सूत्र सरळ निघतं. पाया a², उंची a/√2, त्याचा तिसरा भाग, आणि असे दोन:

V = 2 × (1/3) × a² × (a/√2) = (√2/3) a³

√2/3 म्हणजे ०.४७१४. कडेचा घन करा आणि ०.४७१४ ने गुणा. २१६ गुणिले ०.४७१४, तेच १०१.८.

मी स्वतः कामावर याहून सोपं वापरायचो. समोरासमोरच्या दोन टोकांमधलं अंतर मोजायचं, त्याचा घन, भागिले ६. तुमच्या बाबतीत ते अंतर ८.४९ पाहिजे. मात्र त्यासाठी टोकं धारदार असावी लागतात. सिलिकॉनच्या साच्यात टोकं जराशी गोल येतात, दोन्हीकडे एकेक मिलिमीटर गेला की घनफळ सात टक्क्यांनी कमी दिसतं. तुम्ही कडच मोजा, ती बरी.

---

अनघा_सदर · बुधवार, दुपारी ४:३०

काका, तुमचं वाचायला आवडतंय, पण एका ठिकाणी अडले. मधला चौकोन चौरस आहे हे सगळ्यांनी धरूनच चाललंय. त्याच्या चारही बाजू ६ आहेत हे मान्य, कारण त्या कडाच आहेत. पण चारही बाजू सारख्या असल्या म्हणजे फक्त समभुज चौकोन झाला. तो तिरपा दाबलेला पतंगाच्या आकाराचाही असू शकतो. मग पाया ३६ येणार नाही, कमी येईल.

---

पॅटर्नमेकर_हिंगणा · बुधवार, संध्याकाळी ५:१५

बरोबर विचारलंत, मी ते सांगितलं नव्हतं. वरचं टोक चारही कोपऱ्यांपासून ६ वर आहे. मग ओळंबा जिथे टेकतो तो बिंदूही चारही कोपऱ्यांपासून सारख्याच अंतरावर असणार, कारण चारही काटकोन त्रिकोणांत तिरकी बाजू ६ आणि उभी बाजू एकच. म्हणजे त्या बिंदूवर परकार ठेवून काढलेलं वर्तुळ चारही कोपऱ्यांतून जातं. दाबलेल्या समभुज चौकोनाला असं वर्तुळ बसत नाही. त्याचा एक कर्ण लांब आणि एक आखूड असतो. वर्तुळ बसलं की तो चौरसच.

---

अनघा_सदर · बुधवार, संध्याकाळी ५:५०

हे पटलं, पण चारही कोपरे एकाच पातळीत आहेत हे तुम्ही गृहीत धरलं. ओळंबा ज्या फरशीवर टेकतो त्या फरशीवर चौघेही आहेत हे कशावरून? दोन कोपरे जरा वर आणि दोन जरा खाली असले तर? खाटेची दावण ढिली झाल्यावर होते तशी.

---

कंदीलवाला_गांधीबाग · बुधवार, संध्याकाळी ६:३०

मॅडम, यात मी बोलू शकतो, कारण मी रोज हेच करून राहिलो. बारा काड्या एका मापाच्या कापल्या आणि आठ त्रिकोण बांधले की सांगाडा दगडासारखा घट्ट होतो. मधला चौकोन आपोआप सपाट आणि काटकोनी येतो. मी कधी गुण्या लावला नाही. याच्या उलट, घनाच्या आकाराचा कंदील बारा काड्यांचाच असतो, पण तो इकडून तिकडे लटपटतो, त्याला आडव्या-तिडव्या काड्या द्याव्याच लागतात. अष्टफलकात कोपरा वर-खाली करायला जागाच नसते. जोर लावला तर काडी तुटते, पण चौकोन वाकत नाही.

---

अनघा_सदर · बुधवार, संध्याकाळी ७:१०

भाऊ, ही फार मोलाची माहिती आहे. पण काडी तुटते हा अनुभव झाला, सिद्धता नाही झाली. मला कागदावर हवी आहे.

---

पॅटर्नमेकर_हिंगणा · बुधवार, रात्री ८:००

अनघाताई, मी उलटीकडून सांगू शकतो. एक घन घ्या आणि त्याच्या सहाही बाजूंच्या मध्यावर एकेक ठिपका द्या. शेजारशेजारचे ठिपके जोडले की अष्टफलक तयार होतो, आणि आडव्या चार बाजूंचे चार ठिपके एकाच उंचीवर आहेत हे दिसतंच, कारण चौघेही घनाच्या अर्ध्या उंचीवर आहेत. बाराही कडा सारख्या येतात. म्हणजे असा एक अष्टफलक नक्की आहे ज्यात चौरस सपाट आहे. बारा सारख्या काड्यांनी दुसरा कुठला वेगळा फुगीर आकार त्याच आठ त्रिकोणांनी बांधता येत नाही, एवढं उरतं. ते खरं आहे हे मला ठाऊक आहे, पण सिद्धता माझ्या आवाक्याबाहेरची आहे.

---

शिकवणी_प्रतापनगर · बुधवार, रात्री ८:२५

मी नववी-दहावीचे वर्ग घेतो. एवढं लांब जायची गरज नाही. आकाराला आठ समभुज त्रिकोण आहेत. प्रत्येक त्रिकोण आतल्या मध्याशी जोडला की आठ चतुष्फलक होतात. सुसम चतुष्फलकाचं घनफळ √2/12 गुणिले कडेचा घन, हे सूत्र तयार आहे. ६ च्या कडेला २५.४६ येतं. आठाने गुणा, २०३.६. दोन पिरॅमिड करायची आणि चौरस आहे की नाही याची चर्चा करायची गरजच राहत नाही.

---

मेणवाली_महाल · बुधवार, रात्री ८:४०

सर, २०३.६ घन सेंमी म्हणजे १८३ ग्रॅम मेण. माझी मेणबत्ती ८९ ग्रॅमची आहे. एवढं तर साच्यात बसणारच नाही.

---

पॅटर्नमेकर_हिंगणा · बुधवार, रात्री ९:१०

सर, आठ तुकड्यांची तुमची कल्पना एकदम बरोबर आहे. पण ते तुकडे सुसम नाहीत. प्रत्येकाचा एक चेहरा बाहेरचा समभुज त्रिकोण आहे, त्याच्या बाजू ६. मात्र मध्यापासून टोकांपर्यंत जाणाऱ्या तीन कडा ६ नाहीत, ४.२४ आहेत. म्हणून तुकडा सुसम चतुष्फलकापेक्षा बुटका आहे, बरोबर अर्ध्या घनफळाचा. २०३.६ चे अर्धे करा, १०१.८ मिळतात.

हे वेगळ्या बाजूनेही तपासता येतं. मेणबत्ती एका त्रिकोणावर आडवी ठेवा. टेबलापासून वरच्या त्रिकोणापर्यंतची उंची ४.९ सेंमी येईल, कडेच्या ०.८१६५ पट. मध्य त्याच्या अर्ध्यावर, म्हणजे २.४५. तुमच्या तुकड्याचा पाया १५.६, उंची २.४५, त्याचा तिसरा भाग १२.७. आठ तुकड्यांचे १०१.८. आणि ही ४.९ उंची खरोखर पट्टीने मोजता येते, दोन सपाट फळ्यांमध्ये धरून. आतल्या ४.२४ साठी ती सोय नाही.

---

शिकवणी_प्रतापनगर · बुधवार, रात्री ९:३०

आतल्या कडा बाहेरच्याइतक्याच असतील असं मी धरलं होतं. ते चुकलं. पण पोरांना शिकवताना मी आठ तुकडेच सांगेन, कारण त्यात मधला चौरस सपाट असण्याचा प्रश्न येत नाही.

---

अनघा_सदर · बुधवार, रात्री ९:४५

येतो हो सर. मध्य सगळ्या त्रिकोणांपासून सारख्या अंतरावर आहे हे तुम्हीही धरूनच चाललात.

---

बजरियातली_आई · बुधवार, रात्री १०:०५

मध्येच विचारते, रागावू नका. मुलीच्या शाळेत तुरटीचे स्फटिक वाढवायचा प्रकल्प आहे. आम्ही तुरटीच्या गरम दाट पाण्यात दोऱ्याला बारीक खडा बांधून ठेवला, पंधरा दिवसांत छान अष्टफलक झाला आहे, अगदी याच आकाराचा. तिला घनफळ लिहायचं आहे. कड साधारण २ सेंमी. ०.४७१४ गुणिले ८ म्हणजे ३.८ लिहू का?

---

पॅटर्नमेकर_हिंगणा · बुधवार, रात्री १०:३०

ताई, आधी बाराही कडा मोजा. स्फटिक ज्या बाजूने भांड्याला टेकला असेल किंवा दोऱ्याशी असेल तिकडे कमी वाढतो. कोन बरोबर येतात पण त्रिकोण लहानमोठे होतात, कधी टोकाच्या जागी छोटी कड येते. तसं असेल तर हे सूत्र लागू नाही, सूत्र सगळ्या कडा सारख्या असल्यावरच चालतं. बुडवून मोजा, पण पाण्यात नको, तुरटी विरघळेल. मोजपात्रात खाण्याचं तेल घ्या, त्यात बुडवा आणि तेल किती वर चढलं ते वाचा. मग सूत्राचा आकडा शेजारी लिहा. दोन आकड्यांमधला फरक हाच तिच्या प्रकल्पातला वाचण्यासारखा भाग होईल.

---

बजरियातली_आई · बुधवार, रात्री १०:४०

एक त्रिकोण खरंच छोटा आहे, आता नीट पाहिलं. तेलाचं करते. आभारी आहे.

---

मेणवाली_महाल · गुरुवार, सकाळी १०:५०

मंडळी, काल रात्री मुलाने आणि मी पाण्याचा प्रयोग केला. साचा काट्यावर ठेवून शून्य केलं आणि तोंडापर्यंत पाणी भरलं. तीनदा केलं. ९९, १००, ९९ ग्रॅम. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक घन सेंमी, तर साचा साधारण ९९.५ घन सेंमीचा झाला. १०१.८ पेक्षा थोडा कमी. हे कापलेल्या टोकाचं असणार ना? तोंड चौकोनी आहे, बाजू साधारण २.१ सेंमी.

---

पॅटर्नमेकर_हिंगणा · गुरुवार, सकाळी ११:२०

अगदी तेच. कापलेलं टोक हा मोठ्या पिरॅमिडचाच छोटा भाऊ आहे, त्याच प्रमाणात. मोठ्याचा पाया ६ आणि उंची ४.२४. छोट्याचा पाया २.१ असेल तर उंची १.५ येते. २.१ चा वर्ग साधारण ४.४, गुणिले १.५ भागिले ३, म्हणजे २.२ घन सेंमी. १०१.८ मधून काढा, ९९.६ उरतात. तुमच्या पाण्याने तेच सांगितलं.

९९.६ गुणिले ०.९, म्हणजे ८९.६ ग्रॅम. तुमचा काटा ८९ म्हणतो. मला वाटतं हिशोब मिटला. टोक दीड सेंमी उंचीचं कापूनही फक्त दोन ग्रॅम गेले हे बघा. टोकाला मेण फारच कमी असतं, सगळा माल मधल्या चौरसाच्या आसपास असतो.

लेबलवर मात्र ८९.६ छापू नका. पन्नासच्या पन्नास वजन करा आणि सगळ्यांत हलकी जी असेल तिच्याहून किंचित कमी आकडा छापा. गिऱ्हाईकाला छापल्यापेक्षा जास्त मिळालं तर तक्रार नसते.

---

मेणवाली_महाल · गुरुवार, दुपारी २:१५

सगळ्या वजन केल्या काका. बहुतेक ८८ ते ९० मध्ये आहेत. पण सहा नग ८६ च्या आसपास आहेत. साचा तोच, मेण तेच. या सहा दुपारी ओतलेल्या होत्या, त्या दिवशी मला बाहेर जायचं होतं म्हणून वरून दुसऱ्यांदा मेण घातलं नव्हतं.

---

पॅटर्नमेकर_हिंगणा · गुरुवार, दुपारी २:५०

मग त्यात पोकळी असणार. वितळलेलं मेण फुगलेलं असतं, त्याची घनता ०.७७ च्या आसपास, थंड झाल्यावर ०.९. तुम्ही साचा काठोकाठ भरलात तेव्हा आत गेलं ७७ ग्रॅमच्या आसपास. ८९ व्हायला वरून आणखी घालावं लागतं, जसजसं ते आत बसत जातं तसतसं. आधी बाहेरची भिंत गोठते, मधलं शेवटी गोठतं, आणि ते आक्रसलं की वातीजवळ खड्डा किंवा पोकळी पडते. बिडाच्या ओतकामातही आम्हाला हेच भोगावं लागायचं, म्हणून वर जास्तीच्या धातूचा साठा ठेवायचो.

पण मग तुमच्या सहा नगांचं वजन ७७ हवं होतं, ८६ कसं? एकदाही वरून घातलं नव्हतं का?

---

मेणवाली_महाल · गुरुवार, दुपारी ३:३०

एकदा घातलं होतं, दुसऱ्यांदा राहिलं. नेहमी दोनदा घालते. आणि मी मेण फार गरम नाही ओतत, कडेला साय धरायला लागली की ओतते.

---

पॅटर्नमेकर_हिंगणा · गुरुवार, दुपारी ३:४५

मग जुळतं. एक नग उभा कापा. तीन ग्रॅम कमी म्हणजे सव्वातीन घन सेंमीच्या आसपास पोकळी, छोट्या आवळ्याएवढी. दिसलीच पाहिजे.

---

मेणवाली_महाल · गुरुवार, संध्याकाळी ६:४०

दोन कापल्या, गरम सुरीने, टोकापासून टोकापर्यंत. पहिलीत वातीच्या बाजूला खड्डा निघाला, आवळ्याएवढा नाही पण लांबट आणि खोल. त्यात पाणी भरून मोजलं तर तीन ग्रॅम बसलं. मुलगा खूश झाला.

दुसरीत काहीच नाही. आतून पूर्ण भरीव. कुठे बुडबुडाही नाही. कापण्याआधी ती ८६.५ होती.

---

पॅटर्नमेकर_हिंगणा · गुरुवार, संध्याकाळी ७:३०

पोकळी नसेल तर ती पूर्णच आक्रसली असेल, भिंतीसकट. कदाचित साचा तेव्हा गरम होता आणि बाहेरची भिंत उशिरा गोठली. तसं असेल तर तिची कड ६ नसणार. वजन साडेतीन टक्क्यांनी कमी आहे, मग कड त्याच्या एक तृतीयांशाने कमी हवी, म्हणजे ५.९३ च्या आसपास. पाऊण मिलिमीटरपेक्षाही कमी फरक, पट्टीवर तो दिसणार नाही. व्हर्नियर लागेल. कापलेल्या अर्ध्या भागावरही वरच्या कडा शाबूत असतील, त्याच मोजा. मात्र ५.९३ नाही आली तर माझा तर्क चुकला, मग दुसरं काही शोधावं लागेल.

---

कंदीलवाला_गांधीबाग · गुरुवार, रात्री ८:१०

ताई, व्हर्नियर माझ्याकडे आहे, काड्यांची जाडी पाहायला ठेवला आहे. महालातच येऊन राहिलो उद्या सकाळी, कल्याणेश्वराच्या बाजूला काम आहे. देऊन जातो.

---

मेणवाली_महाल · गुरुवार, रात्री ८:२५

या भाऊ, साडेनऊच्या आधी या, नंतर मी माल द्यायला निघते. लेबलं ८५ ग्रॅमची छापायला दिली आहेत, आणि हलक्या म्हणून त्या सहांच्या जागी रात्रीच सहा नव्या ओतते आहे, दोनदा वरून घालून. ती भरीव मेणबत्ती दोन्ही अर्ध्यांसकट बाजूला ठेवली आहे. मोजून इथे लिहिते.